पुस्तकात काय आहे ते सांगा : गोव्यातील मराठी साहित्य संस्थांना आणि वक्त्यांना खुले पत्र

गोव्यातील मराठी साहित्य संस्थांचे पदाधिकारी, प्रकाशन सोहळ्यांचे आयोजक आणि पुस्तकावर बोलायला उभे राहणारे वक्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम केले. त्यामुळे पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा अशा ठिकाणच्या प्रकाशन सोहळ्यांना माझी हजेरी असते, आणि पुष्कळदा सभागृहाबाहेरचे पुस्तक विक्रीचे टेबलही माझ्याच वाट्याला येते. कार्यक्रम संपल्यावर लोक त्या टेबलाशी येतात, प्रत हातात घेतात, मलपृष्ठ बघतात आणि मला विचारतात, "हे नेमके कशावर आहे हो?" दोन तास भाषणे ऐकून बाहेर आलेला माणूस हा प्रश्न विचारतो, याचे मला फार वाईट वाटते. त्याने लक्ष दिले नाही असे नसते. लेखक किती व्यासंगी आहे, शिक्षक म्हणून किती विद्यार्थीप्रिय होता, गावात त्याच्या शब्दाला किती मान आहे, हे सगळे तो मला सांगू शकतो. पुस्तकात काय आहे हे मात्र त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हे पत्र त्या एकाच गोष्टीसाठी आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'पुस्तक परिचय' असे छापलेले असते, त्या दहा-पंधरा मिनिटांत परिचय पुस्तकाचा व्हावा.

आपले सोहळे कसे चालतात ते आपण सगळे जाणतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पुष्पगुच्छ. मग रेशमी फीत सोडून पुस्तक वर धरायचे, फोटो काढायचे. त्यानंतर परिचय, लेखकाचे मनोगत, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, आभार. यात लेखकाविषयी बोलायला किती जागा आहेत ते पाहा. प्रास्ताविकात त्याच्याविषयी बोलले जाते, सूत्रसंचालक प्रत्येक दोन भाषणांच्या मध्ये बोलतो, पाहुणे बोलतात, अध्यक्ष बोलतात, आणि मनोगतात तो स्वतः बोलतो. पुस्तकासाठी एकच जागा आहे. तीही लेखकाला दिली, तर पुस्तक व्यासपीठावर फक्त फोटोपुरते आले असे होते.

असे का होते, याचे सर्वांत मोठे कारण मला वक्त्यांच्या वृत्तीत दिसत नाही, वेळापत्रकात दिसते. छापखान्यातून प्रती येतात सोहळ्याच्या आदल्या दिवशी. वक्त्याला मोबाईलवर पीडीएफ पाठवलेली असते, तीही कधी कधी शेवटच्या दुरुस्त्या न झालेली, जिच्यातले पान क्रमांक छापील प्रतीशी जुळत नाहीत. दीडशे-दोनशे पाने मोबाईलच्या पडद्यावर नीट वाचणे कठीण. मग वक्ता काय करील? प्रस्तावना वाचील, लेखकाचे मनोगत वाचील, मलपृष्ठावरचा मजकूर वाचील आणि अनुक्रमणिकेवरून नजर फिरवील. या चारपैकी तीन जागी मुख्यतः लेखकाविषयीच लिहिलेले असते. त्या वाचून भाषण केले की ते लेखकाविषयीच होणार. म्हणून माझी पहिली विनंती आयोजकांना आहे. ज्याला पुस्तकावर बोलायचे आहे त्याला किमान तीन आठवडे आधी, छापायला जाणारी अंतिम प्रत, कागदावर काढून द्या. प्रती उशिरा येणार असतील तर निदान त्या पानांची झेरॉक्स द्या. हा खर्च सभागृहाच्या फुलांच्या सजावटीपेक्षा कमी असतो.

आता वक्त्यांशी बोलते, कारण खरे काम त्यांचे आहे.

सभागृहात बसलेल्या माणसाला तुमच्याकडून निर्णयासाठी मदत हवी असते. हे पुस्तक मी घ्यावे का, घेतले तर आधी कुठून वाचावे, माझ्या घरात ते कोणाच्या उपयोगाचे आहे? 'सिद्धहस्त लेखणी' हे शब्द या प्रश्नांना काहीच उत्तर देत नाहीत. आपल्या भाषणातले वाक्य कसे आहे हे तपासायचा एक सोपा मार्ग मी सांगते. ते वाक्य कागदावर लिहा आणि त्यातले लेखकाचे व पुस्तकाचे नाव खोडून गेल्या महिन्यात प्रकाशित झालेल्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव घाला. वाक्य तरीही खरे वाटले, तर ते काढून टाका. 'समाजमनाचा आरसा असलेले हे लेखन' हे कोणत्याही पुस्तकाला लागू पडते. 'यातली सहावी कथा कुळागरात पाण्याची पाळी कोणाची यावरून दोन भावांत झालेल्या अबोल्याची आहे' हे एकाच पुस्तकाला लागू पडते.

लेखकाची विशेषणे काढून ती पुस्तकाला लावली, म्हणजे परिचय झाला असेही नाही. 'वाचनीय', 'संग्राह्य', 'प्रत्येक घरात असावे असे' या शब्दांनी श्रोत्याच्या हातात काही पडत नाही. ते कौतुकच आहे, फक्त खुर्ची बदललेली.

मग काय सांगायचे? मी एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. पुस्तक कल्पित घेतले आहे, म्हणजे कोणाच्या खऱ्या पुस्तकावर किंवा खऱ्या भाषणावर बोट ठेवल्यासारखे व्हायला नको. विषय मात्र आपल्या पायाखालचा आहे. समजा, गोव्यातल्या खाजन शेतीवर, म्हणजे नदीकाठी बांध घालून केलेल्या सखल शेतीवर, मराठीत दोनशे पानांचे एक पुस्तक आले आहे. लेखक निवृत्त शिक्षक आहे. नेहमीच्या पद्धतीने परिचय झाला तर वक्ता लेखकाच्या चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल बोलेल, त्याच्या साधेपणाचा प्रसंग सांगेल, 'मातीशी नाळ जोडलेला' असे म्हणेल आणि शेवटी खाजन हा आपला ठेवा आहे असे सांगून बसेल. या भाषणानंतर कुडतरीचा किंवा चोडणचा माणूस माझ्या टेबलाशी येऊन पुस्तक खाली ठेवील, कारण खाजन हा ठेवा आहे हे त्याला आधीच ठाऊक होते.

त्याऐवजी वक्त्याने असे बोलून पाहावे.

"भरतीच्या वेळी नदीचे खारे पाणी ज्या शेतापेक्षा उंच असते, त्या शेतात भात पिकतो कसा? हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. मांडवी आणि जुवारीच्या काठच्या सखल जमिनी आपल्या पूर्वजांनी बांध घालून पाण्यातून काढल्या, हे आपण ऐकलेले असते. लेखक त्या बांधावर उभा राहून विचारतो, की मग ते आजही टिकले कशावर आहेत? त्याचे उत्तर तो तीन गावांत शोधतो. शेतकरी, मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार सांभाळणारे आणि मानशीवर मासे धरणारे लोक यांच्याशी त्याने बोलून घेतले आहे, आणि एका गावच्या गावकारीची जुनी कागदपत्रे पाहिली आहेत. पुस्तकाचा पाया एवढा आहे. सगळ्या गोव्याचा हा इतिहास नव्हे, आणि लेखकही तसे म्हणत नाही.

"पुस्तकाची रचना वर्षाच्या क्रमाने आहे. पहिला भाग पावसाळ्याचा. जून-जुलैचा पाऊस शेतातले मीठ धुऊन काढतो, मग कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात तिथे उभे राहते. दुसरा भाग कापणीनंतरचा, जेव्हा काही शेतांत मासळीसाठी खारे पाणी आत घेतले जाते. तिसरा भाग भांडणांचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पैसे मोजून तो हक्क घेतला, त्याला पाणी जास्त आत यावे असे वाटते. ज्याचे शेत आहे त्याला दार वेळेवर मिटावे असे वाटते. एकाच लाकडी दाराशी दोघांचे पोट बांधलेले आहे. हा पेच पुस्तकाने कोणाची बाजू न घेता चाळीस पानांत उलगडला आहे.

"मी पान ८७ वरचा एक उतारा वाचतो. यात मानशीचे दार कसे चालते ते आले आहे. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी फळ्या दाबून दार मिटवते, ओहोटी लागली की आतले पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते..."

इथे वक्त्याने दीड मिनिट उतारा वाचावा, आणि पुढे म्हणावे :

"आपले शेत खाजनात असेल, तर बांधाला भगदाड कसे पडते हे सांगणारे प्रकरण आधी वाचा. कुर्ल्यांची बिळे, बार्जींच्या लाटा, वेळेवर न झालेली डागडुजी अशी एकेक कारणे त्यात क्रमाने आली आहेत, आणि बांध आतून पोकळ होऊ लागल्याची खूण बाहेरून कशी ओळखायची हेही आहे. एकदा खारे पाणी शिरले की मीठ धुऊन जायला एकाहून अधिक पावसाळे लागू शकतात, म्हणून ही खूण ओळखण्याला मोल आहे. भूगोल शिकवणाऱ्यांना मानशीच्या आकृत्या वर्गात वापरता येतील. गावच्या पंचांनी तिसरा भाग वाचावा. कूळ कायद्याचा सल्ला ज्यांना हवा आहे त्यांना तो इथे मिळणार नाही, त्यासाठी वकिलाकडेच जावे लागेल. नकाशे लहान छापले आहेत, आणि बरेच कोकणी शब्द अर्थ न देता आले आहेत. गोव्याबाहेरच्या वाचकाला तिथे अडखळायला होईल."

एवढेच. मोजून पाहिले तर हे उताऱ्यासकट पाच मिनिटांत बसते. शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतो, म्हणजे दहा मिनिटांना अकराशे शब्द पुरतात. त्यातले दीडशे-दोनशे शब्द पुस्तकातल्या उताऱ्याचे. वक्त्याने हे लिहून काढले आणि घरी एकदा मोठ्याने वाचून घड्याळ लावले, की सूत्रसंचालकाला चिठ्ठी पाठवावी लागत नाही.

या भाषणात लेखकाचे नाव किती वेळा आले ते पाहा. एकदाही नाही. तरी ऐकणाऱ्याला कळते की या माणसाने बांधावर चिखल तुडवला आहे, जुने कागद उलगडले आहेत, आणि दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये बसून दोघांचेही ऐकून घेतले आहे. हे त्याला 'व्यासंगी' म्हणून कळले नसते.

उदाहरणातल्या काही गोष्टींवर थोडे थांबते, कारण नेमक्या तिथेच चांगले वक्तेही घसरतात.

पहिली गोष्ट पुस्तकाच्या प्रश्नाची. माहितीपर पुस्तक असो की कादंबरी, त्याच्या मुळाशी काही तरी विचारलेले असते. ते एका वाक्यात काढणे हे वक्त्याचे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय होत नाही. प्रस्तावनेतून काढलेला प्रश्न बहुधा चुकीचा असतो. प्रस्तावनाकार पुष्कळदा विषयाच्या थोरवीवर लिहितो, तर पुस्तक प्रत्यक्षात कुठे तरी वेगळ्याच वाटेला लागलेले असते. खाजनच्या त्या पुस्तकात प्रस्तावनाकार पूर्वजांच्या शहाणपणावर लिहील, आणि पुस्तकाचा जीव मात्र तिसऱ्या भागातल्या भांडणात असेल. वाचताना पेन्सिल हातात ठेवावी, ज्या पानावर आपण थांबलो त्या पानाला खूण करावी. वाचून झाल्यावर खुणा कुठे दाटीने आल्या आहेत ते बघितले, की पुस्तकाचा जीव कुठे आहे ते सापडते.

दुसरी गोष्ट अनुक्रमणिकेची. पुस्तक सांगायचे म्हणजे पहिल्या प्रकरणात हे, दुसऱ्यात ते, असे शेवटपर्यंत म्हणत जायचे, अशी समजूत आहे. यात वक्ता प्रामाणिक असतो, त्याने पुस्तक वाचलेलेही असते. पण बारा प्रकरणांना प्रत्येकी एक मिनिट दिले की एकही प्रकरण ऐकणाऱ्याच्या मनात राहत नाही. कथासंग्रहात तर हे हमखास होते. सोळा कथांची सोळा वाक्ये ऐकल्यावर सगळ्या कथा एकसारख्या वाटू लागतात. त्यापेक्षा एकच कथा निवडावी, ती कोण सांगतो, कुठे सुरू होते, त्यात किती काळ जातो, हे सविस्तर सांगावे, आणि बाकीच्या कथांचा पल्ला दोन-तीन वाक्यांत द्यावा. कादंबरी असेल तर तिचे पहिले वळण येईपर्यंतच जावे. वळणानंतरचे सांगितले तर वाचकाचा हक्क हिरावून घेतल्यासारखे होते, आणि काही न सांगता 'ते तुम्ही वाचूनच अनुभवा' म्हटले तर त्याला काहीच दिलेले नसते. काळ, स्थळ, निवेदक, आणि पहिल्या तीस-चाळीस पानांत पात्रापुढे उभी राहिलेली अडचण, एवढे सांगितले तर कादंबरी फुटत नाही.

कवितासंग्रहाचा परिचय मला सर्वांत सोपा वाटतो, आणि नेमका तोच सर्वांत वाईट होतो. वक्ता प्रत्येक कवितेतल्या दोन-दोन ओळी तोडून वाचतो आणि मधल्या जागा 'किती तरल', 'किती अर्थवाही' यांनी भरतो. दोन कविता पूर्ण वाचाव्या, सावकाश. एक अशी घ्यावी जी कवीच्या नेहमीच्या रीतीची आहे, आणि दुसरी अशी जिथे त्याने ती रीत सोडली आहे. संग्रह कोणत्या क्रमाने लावला आहे, छंदात किती आणि मुक्त किती, बोलीतल्या ओळी कुठे येतात, एवढे दोन मिनिटांत सांगता येते. उरलेले काम त्या दोन कविता करतात.

तिसरी गोष्ट उताऱ्याची. उतारा वाचल्याशिवाय परिचय पुरा झाला असे मी मानत नाही, कारण सभागृहात पुस्तकाची स्वतःची भाषा ऐकू येण्याची तेवढीच एक संधी असते. निवड मात्र जपून करावी. सुरुवातीचा परिच्छेद बहुतेक वेळा घासूनपुसून लिहिलेला असतो, त्यावरून आतल्या भाषेचा अंदाज येत नाही. पुस्तकाच्या मधोमध, लेखक आपल्या कामात गुंतलेला असतो अशा ठिकाणचा परिच्छेद घ्यावा. त्याला आगापिछा लागत असेल तर एका वाक्यात तो सांगावा आणि पान क्रमांक मोठ्याने सांगावा. पान क्रमांक ऐकलेला माणूस बाहेर येऊन तेच पान उघडतो, हे मी टेबलाशी उभी राहून पाहिले आहे. 'ते ८७ पान कुठे आहे बघू' म्हणत माणूस उभ्या उभ्या पुढची दोन पाने वाचतो, आणि मग प्रत खाली ठेवत नाही.

चौथी गोष्ट, पुस्तकात काय नाही ते सांगणे. इथे वक्ते कचरतात, आणि त्यांचा संकोच मला समजतो. प्रसंग आनंदाचा असतो, लेखकाचे घरचे पहिल्या रांगेत बसलेले असतात. परिचय आणि परीक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत हे मलाही मान्य आहे. प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकाची चिरफाड करणे योग्य नाही, त्याला नियतकालिके आहेत, चर्चासत्रे आहेत. पण पुस्तकाची सीमा सांगणे म्हणजे दोष काढणे नव्हे. कूळ कायद्याचा सल्ला शोधणाऱ्याने हे पुस्तक घेतले तर तो घरी जाऊन निराश होईल, आणि तो दोष त्याच्या मनात लेखकाच्याच माथी बसेल. सीमा आधी सांगितली तर योग्य माणूस योग्य पुस्तक घेऊन जातो. लेखकाला हे अगोदर सांगून ठेवावे. परिचयाचा कच्चा मसुदा त्याला दाखवू नये, पण 'मी पुस्तक कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही हे बोलणार आहे' एवढे फोनवर सांगितले तर व्यासपीठावर त्याचा चेहरा उतरत नाही.

आणि पुस्तक खरोखरच कमकुवत असेल तर? वर्णन नेमके केले की वक्त्याला खोटे बोलावे लागत नाही. 'यात वेगवेगळ्या निमित्ताने लिहिलेले बावीस लेख आहेत, बहुतेक वर्तमानपत्रासाठी लिहिलेले, म्हणून प्रत्येक लेख दोन-तीन पानांचा आहे' हे खरे आहे आणि कोणाला दुखवणारेही नाही. ज्याला लहान लेख आवडतात तो ते घेईल. पण पूर्ण वाचूनही सांगण्यासारखे एकही पान सापडले नाही, तर वक्त्याने आयोजकांना आधीच कळवून बाजूला व्हावे. विशेषणांनी वेळ भरून काढण्यापेक्षा ते लेखकासाठीही बरे.

एक वेगळी चूकही वारंवार होते. विषय वक्त्याच्या आवडीचा असला की तो पुस्तक बाजूला ठेवतो आणि आपल्या आठवणी सांगू लागतो. खाजनचे पुस्तक हातात आले की आजोळच्या मानशीवर लहानपणी मासे कसे पाहिले, हे येते. आठवण चांगली असते, श्रोते हसतात, टाळ्याही पडतात. पण त्यात पुस्तक कुठेच नसते. आठवण सांगायचीच असेल तर ती एखाद्या पानाला चिकटलेली हवी, म्हणजे 'मला जे लहानपणी कळले नव्हते ते इथे पान ९२ वर कळले' अशी.

काही जण मला म्हणतात, लेखकाने पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेले असते, त्याचे कौतुक नको का? हवे, आणि मनापासून हवे. म्हणूनच ते सत्काराच्या वेळी, त्याला ओळखणाऱ्या माणसाने, चार मिनिटांत करावे. आयोजकांनी प्रास्ताविक करणाऱ्याला आणि परिचय करणाऱ्याला ही वाटणी आधीच सांगितली, तर कोणाचीच कुचंबणा होत नाही. लेखकाची ओळख एकाने, पुस्तकाची दुसऱ्याने. परिचय प्रमुख पाहुण्यांच्या आधी ठेवा, आणि वेळ कमी पडला तर कात्री परिचयाला लावू नका. पाहुण्यांच्या ओळखीतल्या पदांच्या याद्या कमी करा.

आपल्याकडे याचा एक फार जुना दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात, राचोलला छापले गेले. त्याच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स पुस्तकाची भाषा कोणती आणि ती का निवडली ते सांगतात, आणि शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून जागोजागी इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, हेही सांगतात. हे पुस्तक कोणासाठी आहे, ते तसे का लिहिले आहे, आणि वाचकाला ते कुठे सोपे पडेल, हे सगळे तिथे थोडक्यात आले आहे. पुस्तक वाचकासमोर ठेवण्याची ही रीत चारशे वर्षांपूर्वी याच भूमीत होती.

पुस्तकाची आवृत्ती पाचशे प्रतींची असली, तर तिचा निम्मा भाग ग्रंथालये, नातेवाईक आणि भेटीदाखल दिलेल्या प्रतींतच जातो असे मी पुष्कळ लेखकांकडून ऐकते. अनोळखी वाचकाकडे पुस्तक जाण्याची लेखकाला मिळणारी पहिली, आणि कित्येकदा एकमेव, संधी म्हणजे ते सभागृह. त्या सभागृहात जाणते लोक बसलेले असतात. शेतकरी असतात, शिक्षक असतात, नाटकवाले असतात, मंदिराच्या समितीवरची माणसे असतात. पुस्तकात त्यांच्यासाठी काय आहे हे त्यांच्याच भाषेत सांगितले की ती खुर्चीत सावरून बसतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेवटची विनंती निमंत्रण पत्रिकेची. सध्या तिच्यावर लेखकाचे नाव विशेषणांसह, पाहुण्यांची नावे पदांसह, आणि पुस्तकाचे फक्त शीर्षक असते. शीर्षकाखाली दोन ओळी पुस्तकाच्या घाला : विषय, पृष्ठसंख्या, आणि त्यात उभा केलेला प्रश्न. परिचय करणाऱ्या वक्त्यालाच त्या लिहायला सांगा. म्हणजे त्याला पुस्तक पत्रिका छापण्याआधी वाचावेच लागेल, आणि पुस्तक त्याच्या हातात वेळेवर देणे तुम्हालाही भाग पडेल.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक ग्रंथपाल